‘Documents Pending’ म्हणजे नेमका कोणता कागद?

प्रश्न: माझ्या पत्नीचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. कॅशलेस मिळालं नाही, म्हणून 1,38,000 रुपये आम्हीच भरले. 2 जूनला डिस्चार्ज झाला, 9 जूनला सगळे कागद पोर्टलवर चढवले. आज 4 जुलै. स्क्रीनवर ‘Under Review’ आणि त्याखाली ‘Documents Pending’ दिसतं. कॉल सेंटरवाले ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच सांगतात. स्क्रीनशॉट जोडला आहे. थांबायचं की नोटीस पाठवायची? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: नमस्कार. थांबू नका, आणि नोटिशीचीही घाई करू नका. वरच्या ओळीचा फारसा अर्थ काढू नका. तिच्यावरून क्लेम मंजुरीकडे चालला आहे की नकाराकडे, हे कळत नाही. खालची ओळ मात्र आजच मनावर घ्या. कंपनीच्या मते घोडं तुमच्यापाशी अडलं आहे. तुम्ही गप्प राहिलात तर एक-दोन स्मरणपत्रांनंतर ‘कागदपत्रं दिली नाहीत’ म्हणून फाइल बंद होते. मग दिरंगाई कंपनीची होती हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

तुमच्या स्क्रीनशॉटच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘Query Raised: 2’ असं आहे. म्हणजे दोन प्रश्न लेखी विचारले गेले आहेत आणि ते कुठेतरी पोहोचले आहेत. तुम्हाला मिळाले नसतील तर आधी पॉलिसीच्या कागदावर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल बघा. कित्येक पॉलिसींवर तिथे एजंटचाच ईमेल असतो आणि पत्रं त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. एजंटकडून ती पत्रं मागवा आणि नोंदणीचा पत्ता बदलून घ्या. पत्रं हाती लागली नाहीत, तर विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीए या त्रयस्थ संस्थेला आणि विमा कंपनीला, दोघांनाही एकाच ईमेलवर लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल:

“क्लेम क्रमांक अमुक. 9 जूनला मी सोबतच्या यादीतील कागद अपलोड केले. पोर्टलवर कागद बाकी असल्याचं दिसतं, पण कोणते ते कळवलेलं नाही. बाकी कागदांची नावं आणि ते मागणारी पत्रं ईमेलने पाठवावीत.”

या ईमेलला नवा स्क्रीनशॉट जोडा. पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुम्ही वरची पट्टी कापली आहे, त्यामुळे तारीख दिसत नाही. पूर्ण स्क्रीनचा, तारीख-वेळेसकट आणि क्लेम क्रमांक दिसेल असा घ्या. यापुढे फोनवर जे बोलणं होईल तेही त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने कळवून ठेवा.

पित्ताशयाच्या क्लेममध्ये ते दोन प्रश्न बहुधा कोणते असतील, हे अनुभवाने सांगतो. पहिला इनडोअर केस पेपरचा, म्हणजे दाखल असताना डॉक्टर आणि नर्सनी रोज लिहिलेल्या नोंदींचा. दुसरा, दुखणं कधीपासून आहे याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दाखल्याचा.

केस पेपर हॉस्पिटलकडे असतात आणि ‘कंपनीने मागितले तर कंपनीला देऊ’ असं उत्तर हमखास मिळतं. ते ऐकून परत फिरू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहिता नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर 72 तासांत नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात. पत्नीच्या सहीचा अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. 72 तासांत मिळाले नाहीत तर तो शिक्क्याचा कागद विमा कंपनीला पाठवा आणि लिहा की मी मागितले आहेत, हॉस्पिटल देत नाही, तुम्ही थेट मागवा.

या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा गुरमेल सिंग खटला तुमच्या कामाचा आहे. त्यांचा ट्रक चोरीला गेला होता. कंपनीने नोंदणीपत्राची प्रमाणित प्रत मागितली, पण चोरीची नोंद झाल्यामुळे आरटीओ ती देईना. एवढ्यावरून क्लेम अडवला होता. न्यायालयाने सांगितलं की विमेदाराच्या आवाक्याबाहेरचे कागद मागून क्लेम नाकारता येत नाही, आणि 12 लाख रुपये 7 टक्के व्याजासह द्यायला लावले. पण त्यांनी प्रत मिळवायचा प्रयत्न केला होता, हे विसरू नका. तुमच्या प्रयत्नाचा पुरावा म्हणजे तो आवक शिक्का.

दुसरा प्रश्न साधा दिसतो, पण खरी मेख तिथेच आहे. पित्ताशयाच्या खड्यांसाठी अनेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा खर्च मिळत नाही. शिवाय त्रास पॉलिसीच्या आधीचा निघाला तर ‘लपवलं’ असं म्हणता येतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात निवासी डॉक्टरांनी केस पेपरवर दुखण्याचा काळ ‘2/7’ लिहिला होता. डॉक्टरी लघुलिपीत याचा अर्थ दोन दिवस. डिस्चार्ज कार्ड टाइप करणाऱ्याने त्याचं ‘2 years’ केलं आणि दोन वर्षांचा आजार लपवला म्हणून क्लेम गेला. मूळ कागद शोधून ते दुरुस्त करायला आम्हाला बरेच महिने लागले. म्हणून कागद पुढे पाठवण्याआधी डिस्चार्ज कार्ड, केस पेपर आणि पहिल्या तपासणीची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवा आणि काळ जुळतो का बघा. चूक असेल तर डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचा खुलासा घ्या. मात्र खरंच जुना त्रास असेल तर तारीख बदलून मागू नका. सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही; सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. खोटा दाखला दिलात तर तुम्ही स्वतःला त्या अपवादात नेऊन बसवाल.

आता मुदतीचं. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेस नसलेला आरोग्य विम्याचा क्लेम 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. कंपनी हे दिवस शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून मोजते, म्हणून बाकी कागद एकाच वेळी, क्रमांक घातलेल्या यादीसह पाठवा आणि शेवटी लिहा: “यापलीकडे काही हवं असल्यास कारणासह कळवावं.” समजा 10 जुलैला पाठवलेत, तर 25 जुलैपर्यंत निर्णय यायला हवा. उशीर झाल्यास बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याज मागता येतं.

25 तारीख उलटली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तीच विमा भरोसा पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) नोंदवा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, आणि वकीलही चालत नाही. तुमची बाजू तुम्हालाच मांडायची असते, आणि वर सांगितलेले कागद जपलेत तर ती मांडणं अवघड नाही. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे, त्याची मुदत दोन वर्षांची. पण तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल तुमची तक्रार घेणार नाहीत, म्हणून आधी लोकपाल.

दोन्ही क्वेरी पत्रं हाती आली की त्यांची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मला पाठवा. पत्रातला नेमका शब्द पाहिल्याशिवाय डॉक्टरांकडून दाखला लिहून घेऊ नका.