‘पाचपट धोका’ म्हणजे लाखात किती?

‘बाळ दोन महिन्यांचं आहे, रात्री माझ्याच गादीवर झोपतं. आम्ही दोघंही सिगारेट-दारूला शिवत नाही, तरी आईजवळ झोपणाऱ्या बाळाला अचानक मृत्यूचा धोका पाचपट असतो असं वाचलं. हे खरं का?’

पुण्यात बरीच वर्षे वैद्यकीय संख्याशास्त्राचे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. असे मृत्यू इतके विरळ असतात की हजारो बाळांवर वर्षभर लक्ष ठेवूनही हाती फारसे काही लागत नाही. त्यामुळे संशोधक उलट दिशेने जातात. बाळ ज्या झोपेत दगावले त्या झोपेची माहिती ते पालकांकडून घेतात आणि त्याच वयाच्या जिवंत बाळांच्या पालकांना अलीकडच्या झोपेबद्दल तेच प्रश्न विचारतात. या तुलनेतून ‘किती पट’ एवढेच कळते. ‘किती जणांमागे’ हे कळण्यासाठी ते उत्तर प्रत्यक्ष मृत्युदराशी जोडावे लागते.

तुम्ही वाचलेला आकडा बहुधा 2013 च्या एका विश्लेषणातला असावा. त्यात युरोप आणि न्यूझीलंडमधील पाच अभ्यासांतली 1,472 दगावलेली बाळे होती. आईचे दूध पिणारे आणि आईवडील धूम्रपान न करणारे बाळ त्याच खोलीत पण वेगळे झोपले, तर धोका लाखात साधारण 8 आणि एकाच बिछान्यात झोपले तर 23, असा त्यांचा अंदाज होता. पाचपट हे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांचे असून वयाबरोबर ते उतरते, म्हणून एकूण फरक पाचपट दिसत नाही. तुमच्यासारख्या एक लाख घरांत मिळून जादा मृत्यू सुमारे 15.

तो पाचाचा आकडाही 2.3 ते 11.4 इतक्या रुंद पट्ट्यात आहे, म्हणजे खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेही असू शकते, शिवाय दारूविषयीची बरीच माहिती उपलब्ध नसल्याने ती गणिताने भरून काढली होती, यावर टीका झाली. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या दोन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कोणताही अन्य धोका नसताना हे प्रमाण 1.1 पट, म्हणजे जवळजवळ बरोबरीचे आले. मात्र त्याचा पट्टा 0.6 ते 2.0 असल्याने ‘धोका नाही’ हेही त्यातून सिद्ध होत नाही. त्याच विश्लेषणात बाळासोबत सोफ्यावर झोपल्यास आणि बाळ दारू प्यायलेल्या पालकाशेजारी झोपल्यास धोका मात्र 18 पटींच्या घरात निघाला.

आपल्याकडे अशा मृत्यूनंतर शवविच्छेदन आणि झोपेच्या जागेची पाहणी सरसकट होत नाही, त्यामुळे हे आकडे पुण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी मी लाखातले ते 15 मृत्यूही टाळण्याच्या बाजूचा आहे: बाळाला तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या, कडक, सपाट जागेवर, उताणे झोपवावे. आजीने हौसेने शिवलेली राईची उशी आणि जाड गोधडी तिथून काढावी, याबद्दल आजी रुसल्या तरी. आणि पहाटे तीनला डोळे मिटत असताना बाळाला पाजायला सोफ्यावर बसू नये. तेवढ्यापुरती गादीच बरी, मात्र तिथली उशी-पांघरूण आधीच बाजूला सारून ठेवावे आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.