सहा तासांचा सेल आणि ऑटोमॅटिक बिडिंग

तुमचा सेल सहाच तासांचा आहे, म्हणून गूगल अ‍ॅड्सच्या सिस्टीमला आधी सांगून ठेवा. जाहिरातीसाठी किती बोली लावायची हे स्वतःच ठरवणारं ऑटोमॅटिक बिडिंग झालेल्या ऑर्डरींवरून शिकतं, आणि ऑर्डर क्लिकनंतर बऱ्याच वेळाने येऊ शकते. वाढ त्याच्या ध्यानात येईपर्यंत सेल आटोपलेला असतो, आणि मग चढलेल्या बिडचा खर्च दुसऱ्या दिवशी अंगावर येतो.

यासाठी तिथे सीझनॅलिटी अ‍ॅडजस्टमेंट आहे. सुरुवात आणि शेवट तासासकट भरा. अकाउंटचा टाइम झोन तपासाच. मग टक्का. इथेच नवखे चुकतात. हा टक्का गर्दीचा किंवा विक्रीचा नाही, कन्व्हर्जन रेटमधल्या बदलाचा आहे. एरवी १०० क्लिकमागे २ ऑर्डर येतात आणि सेलमध्ये ३ येतील असं वाटत असेल, तर +५०% भरा. गर्दी दुप्पट होणार म्हणून +१००% टाकलंत, तर प्रत्येक क्लिक विनाकारण महाग पडेल. अंदाज मागच्या तशाच सेलच्या आकड्यांवरून बांधा.

दिवसाचं बजेटही वाढवा, नाहीतर ते दुपारीच संपेल. हे साधन थोड्या काळासाठीच आहे, साधारण सात दिवसांपर्यंत. महिनाभराच्या ऑफरला वापरू नका, तेवढ्यात बिडिंग स्वतःच शिकतं.