आरोप 'निश्चित' होतात म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : "आधी 'आरोपपत्र दाखल', मग 'आरोप निश्चित', मग निकाल, अशा बातम्या येतात. आरोप एकदा निश्चित झाले की माणूस दोषीच ठरला नं? मग निकालात उरतं काय?"

सगळंच उरतं. गोंधळ तुमचा नाही, 'निश्चित' या शब्दाचा आहे. बातम्यांमध्ये तो इतका घट्ट बसलाय की आमच्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाबाहेर चहा पिणारे पक्षकारही "आमच्यावर निश्चित झालं" म्हणत मान खाली घालतात. खरं तर न्यायालय त्या दिवशी आरोप 'ठेवतं'. दोषारोप ठेवणे, हा जुना आणि बिनचूक प्रयोग.

'ठेवणे'च का, ते 'आरोप' या शब्दातच आहे. संस्कृत धातू 'रुह्' म्हणजे चढणं, उगवणं. त्याचं प्रयोजक रूप म्हणजे चढवणं, लावणं. 'रोप' त्यातलंच, आणि भंडारा-गोंदियाकडची धानाची 'रोवणी'सुद्धा, कारण 'प'चा 'व' होणं आपल्याकडे नेहमीचं आहे. 'आरोप' म्हणजे एका वस्तूवर दुसरी ठेवणं. अलंकारशास्त्रात रूपक समजावताना मुखावर चंद्राचा आरोप केला म्हणतात. तेवढ्यानं मुख काही चंद्र होत नाही. आरोपात सिद्धी नसतेच, तर निश्चिती कुठून येणार? यावर 'रूढ झालं ते शुद्ध' असं ऐकवणारे भेटतात. ज्या रूढीमुळे वाचकाला निकालाआधीच निकाल लागल्यासारखा वाटतो, ती रूढी कौतुकाची नव्हे.

'आरोपपत्रा'वरही माझा राग आहे. ते पोलिसांचं असतं, तपास संपल्यावर न्यायालयात पाठवलेला अहवाल. त्याला जुन्या मध्य प्रांतातला शब्द होता 'चालान', आणि मध्य प्रदेशात तो आजही चालतो. चालान म्हणजे पाठवणी. मालासोबत जातो तो कागदही चालानच. पोलिसांनी कागद पाठवले, एवढाच त्याचा अर्थ, वर एक शब्द नाही. ट्रॅफिकवाल्यांनी तो दंडाच्या पावतीला चिकटवून वाया घालवला. तो परत आणावा असं माझं मत आहे, आणि प्रमाणभाषेच्या राखणदारांना तो 'हिंदी' वाटत असेल तर वाटो.

आता एक कल्पित प्रकरण घ्या. बर्डीवर गाडी लावण्यावरून भांडण झालं, एकानं दुसऱ्याच्या दंडावर लोखंडी सळाख मारली. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावून कागद पाठवले. हा गुन्हा सत्र न्यायालयाचा, म्हणून मॅजिस्ट्रेटनं आरोपीला कागदांच्या नकला देऊन केस वर पाठवली. तिथे आरोप ठेवण्याआधी साक्षीदार बोलावत नाहीत. न्यायाधीश कागद वाचतो, दोन्ही वकिलांचं ऐकतो. समजा डॉक्टरांच्या दाखल्यात दुखापत साधी आहे आणि जीव घेण्याचा इरादा दाखवणारं कागदांत काहीच नाही. मग न्यायाधीश हत्यारानं दुखापतीचं कलम 118(1) ठेवून केस मॅजिस्ट्रेटकडे परत पाठवू शकतो. पोलिसांनी पाठवलं एक, न्यायालयानं ठेवलं दुसरं. ठेवलेला आरोप आरोपीला वाचून दाखवतात, समजावतात आणि विचारतात, कबूल आहे का? नाही म्हटलं की साक्षीपुरावा सुरू होतो.

या टप्प्यावर न्यायालय पाहतं ते इतकंच, की गुन्हा केला असावा असं मानायला आधार आहे का. वाजवी शंकेपलीकडची सिद्धता निकालाच्या वेळी लागते. शिवाय निकाल देईपर्यंत न्यायालय आरोप बदलू शकतं, वाढवू शकतं. ही मुभा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. बदलता येतं ते निश्चित कसं?

आधार नसेल तर आरोप न ठेवताच आरोपीला सोडतात. वर्तमानपत्रं याला 'दोषमुक्त' म्हणतात, आणि इथे माझं डोकं फिरतं, कारण साक्षीपुराव्यानंतर सुटलेल्यालाही हाच शब्द लावणारे आहेत. दोन्हींत फार फरक आहे. पुराव्यानंतर निर्दोष सुटलेल्यावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. आरोप न ठेवता सोडलेल्याला ते संरक्षण नसतं. नवा पुरावा मिळाला तर त्याला पुन्हा उभं करता येतं. सरकारी वकिलानं खटला मागे घेतला तरी हीच रेघ आहे : आरोप ठेवण्यापूर्वी घेतला तर नुसती सुटका, नंतर घेतला तर निर्दोष मुक्तता.

म्हणून तुमच्या बातमीतला माणूस अजून दोषी नाही. त्याच्यावर आरोप ठेवलाय. आता साक्षीदार येतील, त्यांची उलटतपासणी होईल, पुराव्यातल्या प्रत्येक विपरीत गोष्टीवर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारेल, त्याला बचावाचे साक्षीदार आणता येतील, युक्तिवाद होतील आणि मग निकाल लागेल.