दादाचा कागद आणि दुपारची झोप

प्रश्न: आम्ही आठजण फिरायला चाललोय, सोबत पावणेदोन वर्षांची मुलगी आहे. तिच्या दुपारच्या झोपेसाठी सगळ्यांनी प्लॅन बदलायचा का?

बदलायचा. तुम्ही नाही बदललात तर ती बदलायला लावेल, आणि तेही सगळ्यांची तिकिटं काढून झाल्यावर.

आमच्या सहलीचा कागद माझ्या मोठ्या भावाने केला होता. नऊला किल्ला, साडेबाराला संग्रहालय, तीनला तलाव, पाचला धबधबा. माझी मुलगी तेव्हा वीस महिन्यांची. दुपारच्या झोपेचं काय, असं विचारलं तर दादा म्हणाला, "अरे, लहान मुलं कुठेही झोपतात. आमची नाही का झोपली?" वहिनी तेव्हा काही बोलली नाही, पण तिने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं ती मी पाहिली.

लहान मुलं कुठेही झोपतात हे खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो. किल्ल्यावरून संग्रहालयाकडे जाताना पोरगी गाडीत पंधरा मिनिटं झोपली. पोचल्यावर दार धाडकन लागलं, ती जागी झाली. दादा खूश, "झाली बघ झोप." कसली झोप! दिवसातून एकदाच झोपणारं या वयाचं मूल सकाळी उठल्यापासून साधारण पाच-सहा तासांनी झोपेला येतं. तेवढ्या वेळात साचलेली झोप पंधरा मिनिटांच्या डुलकीने जरा ओसरते. मग पुन्हा झोपवायला जावं तर लागत नाही, आणि थकवा तर गेलेलाच नसतो.

संग्रहालयात ती नुसती धावत सुटली. "किती फ्रेश आहे बघ," इति दादा. सपाट फरशीवर अडखळणारं, उगाच मोठमोठ्याने हसणारं, हातातली वस्तू भिरकावणारं मूल फ्रेश नसतं, अति दमलेलं असतं. डोळे चोळणं, कान ओढणं ही पायरी तोवर मागे पडलेली असते. तलावावर बुटाच्या पट्ट्यावरून जे रडणं सुरू झालं ते थेट धबधब्याच्या वाटेवर, पाचच्या पुढे, तिला झोप लागल्यावर थांबलं. उठली साडेसहाला. रात्री अकरा वाजता ती पलंगावर उड्या मारत होती आणि भिंतीपलीकडे दादा कूस बदलत होता.

दुसऱ्या दिवशी यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आईने फक्त विचारलं, "आज किती वाजता उठली?" साडेसहा म्हटल्यावर तिने बोटं मोजली, "म्हणजे बाराच्या आत गाडीत." सकाळी ठरलेला दीड तासाचा प्रवास दादाने गुपचूप पावणेबाराला नेला आणि सकाळी जवळचंच एक ठिकाण घेतलं. पोरगी गाव सुटायच्या आत झोपली. पोचलो तेव्हाही झोपलेलीच होती. वर भरपूर पायऱ्या होत्या. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी बसते हिच्याजवळ." तिच्या गुडघ्यांना ही पोर देवासारखी धावून आली होती. पुढच्या दिवशी वहिनीही पुस्तक घेऊन थांबली आणि मग "आज माझी पाळी" यावरून दोघींची जुंपायला लागली. मागे घाई करणारं कुणी नाही म्हटल्यावर दादाने एकेक पाटी उभं राहून वाचली. कागद खिशातून बाहेर यायचा बंद झाला. कुठे जायचं यापेक्षा "ही कधी उठेल?" हाच प्रश्न सगळे विचारायला लागले.

तेव्हा लांबचा प्रवास झोपेच्या वेळेवर टाका, आणि झोपेच्या आधीच्या तासाभरात दहा-पंधरा मिनिटांचाही गाडीप्रवास ठेवू नका. टाळता येत नसेल तर गाणी म्हणा, खिडकीतून काहीबाही दाखवा, पण डोळा लागू देऊ नका. एवढं करून झोप बुडालीच तर चारनंतर झोपवत बसू नका, रात्री अर्धा-पाऊण तास आधी आडवं करा.

आता हे सगळं गाडीत झोपणाऱ्या मुलीचं झालं. तुमची फक्त पलंगावरच झोपत असेल तर दुपारी खोलीवर परतण्यावाचून इलाज नाही. तिथे मोठ्यांनी वाटून घ्यावं, दरवेळी मुलीच्या आईनेच का थांबायचं? गाडी थांबली की जमल्यास मुलीला सीटवरून काढून सपाट झोपवा, कारण बसल्या बसल्या हनुवटी छातीला टेकते. आणि काच खाली असली तरी गाडीत एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उभी गाडी बघता बघता तापते.

धबधबा हिच्यामुळे राहिला, असं दादा अजून ऐकवतो. त्या दिवसांत धबधब्याला पाणी नव्हतं. पार्किंगवाल्याने ते माझ्यादेखत त्याला सांगितलं होतं.