शिफ्टची नोकरी आणि दीड लाख भांडवल: स्काल्पिंग, स्विंग की पोझिशन?

प्रश्न: चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलतात. ट्रेडिंगसाठी दीड लाख बाजूला काढलेत. स्वभाव उतावळा आहे, एकच शेअर महिनोन्‌महिने धरून बसणं जमत नाही. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी मिळते, म्हणून स्काल्पिंग करावं असं वाटतं. मित्र म्हणतात स्विंग कर, नाहीतर पोझिशन. मला काय जमेल?

उत्तर:

स्विंग, म्हणजे शेअर काही दिवस किंवा आठवडे धरून विकणं. तेही कॅश मार्केटमध्ये, डिलिव्हरी घेऊन, स्वतःच्या पैशांनी. मी नाशिकला अंबडमध्ये नऊ वर्षं शिफ्ट केल्या आणि त्यातली सहा वर्षं सोबत ट्रेडिंग केलं, त्यामुळे तुमचा आठवडा कसा जातो याची मला कल्पना आहे.

आधी स्काल्पिंगचा, म्हणजे काही मिनिटांत घेऊन विकायचा, हिशेब मांडतो, कारण तुमचं मन तिकडे ओढतंय. ५०० रुपयांचा शेअर धरा. दीड लाखात ३०० शेअर येतात. दीड रुपया वर गेला की विकायचं, दीड रुपया खाली गेला की बाहेर पडायचं. म्हणजे नफा झाला तर ४५० रुपये, तोटा झाला तर ४५० रुपये. आता चार्जेस बघा. डिस्काउंट ब्रोकरचे जाता-येता २० आणि २० असे ४० रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा सरकारी कर, म्हणजे ३८ रुपये. एक्स्चेंजचे साधारण ९, स्टँप ड्युटीचे ५, जीएसटीचे ९. सगळे मिळून १०० रुपये. म्हणजे जिंकलात तर हातात ३५० पडतात आणि हरलात तर ५५० जातात. फक्त बरोबरीत राहायचं म्हटलं तरी शंभरातले ६१ सौदे जिंकायला हवेत. भावातला फरक, म्हणजे स्क्रीनवर दिसतो त्याहून पाच-दहा पैसे महाग मिळणं आणि स्वस्त विकलं जाणं, यात धरलेलंच नाही.

सेकंड शिफ्ट तुम्हाला तीन आठवड्यांतून एकदा येते, म्हणजे महिन्याला बाजाराचे सातेक दिवस. रोज दहा सौदे केले तर सत्तर सौदे आणि ७,००० रुपये चार्जेस. भांडवलाच्या जवळपास पाच टक्के, दर महिन्याला, नफ्याचा एक रुपया दिसायच्या आधी. यावर ब्रोकर पाचपट मार्जिन देतो ते वापरायचं, असं कुणीतरी सुचवेलच. साडेसात लाखांचा सौदा केला तर ब्रोकरेज तेवढंच राहतं, एसटीटी मात्र पाचपट होतो आणि चार्जेस ३१० रुपयांच्या आसपास जातात. प्रमाण सुधारतं हे खरं. पण आता तेवढ्याच दीड रुपयात २,२५० रुपयांचा तोटा होतो. लागोपाठ तीन सौदे चुकले, आणि तसं आठवड्यात एकदा तरी होतंच, की खात्यातले पाच टक्के गेले. तेही सकाळी अकराच्या आत, आणि दोन वाजता कंपनीची बस पकडायची असते.

सेबीने जुलै २०२४ मध्ये कॅश मार्केटमधल्या इंट्राडेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत तोटा झालेले ८० टक्के. वरचा हिशेब एकदा करून पाहिला की हा आकडा का वाढतो ते कळतं.

आता तोच शेअर स्विंगमध्ये घेऊ. एका सौद्यात खात्याचा एक टक्का, म्हणजे १,५०० रुपये, यापेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत, एवढं आधी ठरवा. चार्टवर आधार बघून स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, ४७५ ला येतो असं समजा. एका शेअरमागे २५ रुपयांचा धोका, म्हणून १,५०० भागिले २५, असे ६० शेअर. ३०,००० रुपयांचा सौदा. शेअर किती घ्यायचे हे नेहमी याच क्रमाने काढायचं: आधी स्टॉपलॉस, मग संख्या. खात्यात किती पैसे पडलेत त्यावरून संख्या ठरवली की सगळं बिघडतं.

लक्ष्य ५५० ठेवलं तर नफा ३,००० होतो. डिलिव्हरीत एसटीटी घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्के लागतो, डीमॅटमधून शेअर निघताना डीपी चार्ज वेगळा. ब्रोकरेज धरून सगळे १३५ रुपये होतात. म्हणजे नफा २,८६५ आणि तोटा १,६३०. इथे शंभरातले ३७ सौदे जिंकले तरी खातं तगून राहतं. दीड लाखात असे पाच सौदे बसतात, आणि पाच म्हणजे कामावरून आल्यावर अर्ध्या तासात नीट बघता येतील एवढेच.

पोझिशनचं, म्हणजे महिनोन्‌महिने धरून ठेवायचं म्हणाल तर तिथे स्टॉपलॉस पंधरा टक्क्यांवर जातो, म्हणून त्याच १,५०० रुपयांच्या धोक्यात फक्त १०,००० चा सौदा होतो. वर्षभर धरून ४० टक्के वाढला तरी ४,००० मिळतात. वाईट मुळीच नाही, चार्जेस तर नगण्य. तुमच्यासाठी अडचण वेगळी आहे. वर्षाला सात-आठच सौदे होतात, त्यामुळे आपली निवड बरोबर आहे की नशिबाने साथ दिली हे कळायला चार-पाच वर्षं जातात. स्विंगमध्ये पाच-सहा महिन्यांत चाळीसेक सौदे हाताखालून जातात. शिकायच्या दृष्टीने हा फरक मला फार मोठा वाटतो.

वेळेबद्दल माझं म्हणणं असं की पद्धत सगळ्यात वाईट आठवड्याला जमेल अशी निवडायची, सगळ्यात मोकळ्या आठवड्याला नाही. तुमचा वाईट आठवडा फर्स्ट शिफ्टचा. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, तो सगळा वेळ तुम्ही लाइनवर असता आणि बऱ्याच कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो. नाइट करून आल्यावरच्या सकाळी मोबाईल हातात असतो, पण झोप नसते. त्या अवस्थेत मी घेतलेले सौदे वहीत वेगळ्या रंगाने लिहायचो. सहा महिन्यांनी तो रंग बघून नाइटच्या सकाळी नवीन सौदा घेणं मी कायमचं बंद केलं.

म्हणून सगळ्या ऑर्डर आदल्या रात्री लावून ठेवायच्या. विक्रीसाठी जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की सुटणारी ऑर्डर वापरा, त्यात स्टॉपलॉस आणि लक्ष्य दोन्ही एकत्र लावता येतात. पण इथे दोन खाचा आहेत आणि दोन्हींत मी अडकलोय.

पहिली खाच परवानगीची. जीटीटी ही ब्रोकरकडे पडून असते, भाव आला की मग ती एक्स्चेंजला जाते. डीमॅटमधले शेअर विकायला तुमची मंजुरी लागते. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायचं ब्रोकरला दिलेलं अधिकारपत्र, करून दिलेलं नसेल तर त्या दिवशी टीपिन हा डीमॅटचा पिन टाकून मंजुरी द्यावी लागते, नाहीतर ऑर्डर नाकारली जाते. माझा स्टॉपलॉस असाच एकदा फर्स्ट शिफ्टला नाकारला गेला. संध्याकाळी चारला मोबाईल उघडला तेव्हा शेअर सात टक्के खाली बंद झाला होता. डीडीपीआय एकदाच करायचं असतं. पहिला सौदा घेण्याआधी करा.

दुसरी खाच लिमिटच्या भावाची. ट्रिगर ४७५ आणि विक्रीचा भाव ४७४ लावला, आणि रात्रीत बातमी येऊन शेअर सकाळी ४५२ लाच उघडला, तर तुमची ४७४ ची विक्री कुणी घेत नाही. ऑर्डर वर लटकत राहते आणि शेअर खाली जात राहतो. म्हणून विक्रीचा भाव ट्रिगरच्या पाच-सहा टक्के खाली ठेवा. तेव्हा बाजारात जो बरा भाव असेल तोच मिळतो, त्यामुळे साध्या दिवशी नुकसान होत नाही. तरीही इतक्या मोठ्या गॅपमध्ये एक टक्क्याचा तोटा दोनचा होऊ शकतो, हे स्विंगचं खरं दुखणं आहे. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात सहा टक्क्यांच्या जवळ पडला. पाचही सौदे चालू असतील तर अशा दिवशी ते एकमेकांना वाचवत नाहीत, सगळे एकदमच पडतात. म्हणून एकाच क्षेत्रातले दोनपेक्षा जास्त शेअर घेऊ नका, आणि कंपनीचे तिमाही निकाल असतील त्याच्या आदल्या दिवशी बाहेर पडा. निकालाची तारीख एक्स्चेंजच्या साइटवर आधीच येते.

राहिला स्वभाव. उतावळ्या माणसाला स्काल्पिंग शोभतं हा समज मला चुकीचा वाटतो. स्काल्पिंगला लागतो तो दिवसातून पाच वेळा तोटा घेऊन सहावा सौदा पहिल्यासारखाच घेणारा माणूस. उतावळा माणूस सहाव्याला दुप्पट शेअर घेतो. पोझिशनवाल्याला वेगळंच सोसावं लागतं: २५ टक्के दिसणारा नफा परत १२ वर आलेला बघत शांत बसणं. स्वतःला विचारा, तुम्हाला जास्त काय टोचतं, झालेला तोटा की हातचा गेलेला नफा? तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं, हातचा गेलेला नफा.

तसं असेल तर स्विंगमध्ये तुमची चूक कुठे होईल तेही सांगता येतं. लक्ष्य ५५० असताना ५२० दिसलं की तुम्ही विकाल. ६० शेअरवर १,२०० रुपये, चार्जेस जाऊन १,०६५. तोटा मात्र पूर्ण १,६३० चाच होत राहतो. आता बरोबरीला शंभरातले ६१ सौदे जिंकायला लागतात, म्हणजे स्काल्पिंगचाच हिशेब, फक्त आठवडाभर पसरलेला. मोह आवरत नसेल तर ५२५ ला निम्मे म्हणजे ३० शेअर विका, उरलेल्यांचा स्टॉपलॉस ५०० वर आणा आणि ते ५५० पर्यंत ठेवा. एकूण नफा थोडा कमी होतो, पण तुम्ही सौद्यात टिकता.

वहीत प्रत्येक सौद्यासमोर दोनच रकाने ठेवा: ठरवलेला विक्रीचा भाव आणि प्रत्यक्ष विकलेला भाव. चाळीस सौद्यांनंतर दुसरा रकाना पहिल्याच्या बराच खाली दिसला, तर पुढचे तीन महिने शेअरची संख्या निम्मी करा आणि सौदे तेवढेच घ्या. रकमा लहान झाल्या की हात कमी थरथरतो, आणि तेव्हाच कळतं की अडचण स्वभावाची होती की शेअर निवडण्याची.