माळ घातली म्हणून माहेरचा हिस्सा सोडायचा का?

पूज्य महाराज, दंडवत. वडिलांना जाऊन सहा महिने झाले. दोघे भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. थोरले म्हणतात, "माळ घातलीस, आता जमिनीचा मोह कशाला?" आई त्यांच्याकडेच असते. सही नाही दिली तर माहेर तुटेल, याची धास्ती वाटते. भाऊ तुमच्या कीर्तनाला येतात, त्यांना कमीपणा नको म्हणून गाव लिहिलेलं नाही. माझं चुकत असेल तर कान धरावा.

माउली, तुमचं चुकत नाही. पत्र माझ्यापाशीच राहील. तुम्ही सांगितल्याशिवाय मी भावांशी बोलणार नाही, आणि कीर्तनात आडून सुचवणारही नाही.

मोहाचं म्हणाल, तर तुकोबांकडे पाहा. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा कान्होबांनी आपला वाटा मागितला. आधी वाटणी झाली. कान्होबांची खतं त्यांच्या हाती गेली आणि तुकोबांनी फक्त स्वतःची बुडवली, अशी कथा परंपरेने जपली आहे. त्याग स्वतःच्या वाट्याचा असतो, तोही आपणहून केलेला. दुसऱ्याने माळेचा धाक घालून मागितला, तर त्याला मी त्याग म्हणत नाही.

म्हणून आधी तुमचा वाटा कागदावर दिसू द्या. मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ आणि तुम्ही सगळेच वारस. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज गेला का, फेरफारात तुमचं आणि आईंचं नाव आहे का, ते पाहा. वारसांच्या यादीतून बहिणीचं नाव गाळल्याचं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मग हक्कसोडपत्राचा मसुदा घरी मागून घ्या. त्यात कोणते गट क्रमांक आहेत, हक्क एका भावाच्या नावे सुटतो की दोघांच्या, आणि "इतर सर्व मिळकत" असे शब्द घालून राहतं घरही त्यात ओढलं आहे का, हे गावाबाहेरच्या वकिलाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. दुय्यम निबंधकांपुढे एकदा नोंदणी झाली, की पुढे मन बदललं म्हणून पत्र रद्द होत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि सख्ख्या भावांविरुद्ध ते करणं फार जड जातं.

भावांना एवढंच म्हणा, "दादा, मी भांडायला आले नाही. आधी सगळ्यांची नावं लागू देत. मग काय ठेवायचं नि काय सोडायचं, ते मी स्वतः सांगेन." पुढे सगळं द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. मात्र त्यावर माहेर टिकेल, असं वचन मी देऊ शकत नाही. सही घेतल्यावर बहिणीला दिवाळीचं बोलावणं न गेलेली घरं मला ठाऊक आहेत.

आणि आईंना एकट्या गाठून विचारा. त्यांचाही वाटा आहे, तेव्हा सही त्यांच्याकडेही मागितली असेल. त्यांनी ती अजून दिली नसेल, तर त्यांचा हिस्सा त्यांच्याच नावावर राहावा, हा आग्रह तुम्ही आधी धरा. स्वतःच्या हिश्श्याचं नंतर बघता येईल.