कुरवांचा बर्स्ट: पहिलाच फोटो शार्प का येतो?

प्रश्न: आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर समोरून उडत येणाऱ्या कुरवांचे फोटो काढले. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ७०-३०० लेन्स, शटर १/२०००, बर्स्ट चालू. पहिला फोटो बरा येतो, पुढचे पुसट होत जातात. लेन्स बदलू का?

उत्तर:

पैसे खर्च करू नका. पहिला बरा आणि पुढचे क्रमाने पुसट, म्हणजे बहुतेक कॅमेरा सिंगल ऑटोफोकसवर आहे. बटण अर्धं दाबलं की तो अंतर पक्कं करतो आणि अख्खा बर्स्ट त्याच अंतरावर काढतो.

हिशेब करून बघा. ३०० मिमी, f/5.6, पक्षी २० मीटरवर: शार्प दिसणारा पट्टा जेमतेम एक मीटरचा. कुरव सेकंदाला १० मीटर वेगाने येत असेल आणि कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढत असेल, तर दुसऱ्या फोटोपर्यंत तो दोन मीटर पुढे आलेला असतो. आडवा उडणारा कुरव मात्र सिंगलवरही जमून जातो, कारण त्याचं अंतर फारसं बदलत नाही. त्यामुळेच ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

निकॉन-सोनीवर AF-C, कॅननवर AI Servo किंवा Servo AF लावा. यात कॅमेरा अंतर सतत मोजतो आणि पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधतो. पण त्या अंदाजाला थोडा वेळ द्यावा लागतो. पक्षी लांब असतानाच बटण अर्धं दाबा, अर्धा-एक सेकंद त्याच्यासोबत कॅमेरा फिरवत राहा, मगच पूर्ण दाबा. एका वेळी पाच-सहा फोटो पुरे. बोट दाबूनच ठेवलं, तर RAW मध्ये बफर भरतो आणि नेमका कुरव मासा उचलतो तेव्हा कॅमेरा अडखळतो.

हे केल्यावर हर्णै बंदरात माझी दुसरीच फजिती झाली. होड्यांवर कुरवांची झुंबड, आणि माझ्या फोटोंत डोलकाठ्या नि झेंडे लख्ख, पक्षी पुसट! मी फोकससाठी सगळी चौकट मोकळी सोडली होती. फोकस पॉइंटच्या मधल्या लहान गटावर आल्यावर बरंच सुधारलं. मध्येच दुसरा पक्षी आडवा आला की फोकस त्याच्यावर उडी मारत असेल, तर मेनूतली ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा. तिथेच फोकस प्रायॉरिटी आहे का तेही बघा. रिलीज प्रायॉरिटी असेल तर फोकस लागो न लागो, कॅमेरा फोटो काढतच सुटतो.

घरी फोटो मोठे करून बघाल तेव्हा मागची लाट शार्प असेल तर फोकस चुकला. पंखांची टोकंच फराटली असतील तर शटर कमी पडलं. आणि दुपारी तापलेल्या वाळूवरून काढलेले सगळेच फोटो पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरते असतील, तर ती गरम हवेची करामत. तिथे कुठलंच सेटिंग चालत नाही. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर पक्षी अगदी जवळ येईपर्यंत थांबा.